संत्र्याच्या तेलासाठी रोटाव्हेप: बाथ, व्हॅक्यूम आणि शेवटची काही मिनिटं

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत एक लिटरपर्यंतचे फ्लास्क बसणारा रोटाव्हेप, म्हणजे गरम पाण्याच्या बाथमध्ये फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र, आला. सोबत डायाफ्राम पंप, आकडा दाखवणारा व्हॅक्यूम कंट्रोलर आणि चिलर. आता मे उजाडलाय, म्हणजे तिन्ही ऋतू पाहून झाले, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही रोटाव्हेपला लागू आहे.

आमचं मुख्य काम संत्र्याच्या सालीचं. साल पाण्यासोबत उकळून वाफेतून तेल काढायचं, ते पाण्यातून डायक्लोरोमिथेनमध्ये म्हणजे डीसीएममध्ये ओढायचं, सोडियम सल्फेटवर वाळवायचं, गाळायचं आणि मग रोटाव्हेपवर डीसीएम उडवायचं. खाली राहतं ते बहुतांश लिमोनिन. डीसीएम ४० अंशांना उकळतं, लिमोनिन १७६ ला. एवढं अंतर पाहून वाटतं की लिमोनिन कुठे जाणार? पण जातं, आणि बऱ्यापैकी जातं.

आधी चिलरबद्दल, कारण विकत घेताना त्यावरच काटछाट करायचा मोह होतो. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी ३५ अंशांच्या पुढे जातं. ते पाणी कंडेन्सरमध्ये फिरवून डीसीएमची वाफ थंड होणं शक्यच नाही. ती सरळ पंपातून बाहेर पडते आणि माणसांच्या श्वासात जाते. आम्ही चिलर ५ अंशांवर ठेवतो. बाथ वाफेपेक्षा साधारण २० अंशांनी गरम आणि कंडेन्सर वाफेपेक्षा २० अंशांनी थंड, हा ठोकताळा सगळे सांगतात. डीसीएमला तो तंतोतंत जमत नाही, पण बाथ ३५, वाफ २५ च्या आसपास आणि कंडेन्सर ५ असं छान चालतं. कंडेन्सरच्या नळीवर थेंब किती उंचीपर्यंत जमतात ते पाहायचं. खालच्या दोन तृतीयांश भागात थांबले तर ठीक. टोकापर्यंत ओल दिसली, तर वाफ जास्त होतेय. दाब थोडा वाढवायचा.

आता एक बॅच पूर्ण सांगते. १५० मिलिलिटर द्रावण, त्यात अंदाजे २ ग्रॅम तेल. फ्लास्क ५०० चा, म्हणजे निम्म्याहूनही कमी भरलेला. फ्लास्क लावण्याआधी उजेडात धरून काचेवर तारेसारखी चीर नाही ना, हे बघायचं. चीर दिसली तर तो फ्लास्क व्हॅक्यूमवर कधीच नाही. डोळ्यांवर गॉगल आणि समोर संरक्षक काच असतेच. क्लिप लावून आधी फिरवणं सुरू करायचं, मग व्हॅक्यूम, आणि शेवटी फ्लास्क बाथमध्ये उतरवायचा. हा क्रम उलटा झाला की उसळी ठरलेली. स्थिर, कोमट द्रव उकळबिंदूच्या पुढे तापूनही शांत राहतो आणि मग एकदम सगळा वर येतो. फिरणाऱ्या फ्लास्कमध्ये काचेवर पातळ थर पसरतो, बाष्पीभवन वरूनच होतं आणि खाली उष्णता साठत नाही.

दाब ७०० मिलिबारपर्यंत सावकाश आणायचा आणि थांबायचं. तिथून २५-२५ ने खाली. साधारण ६०० च्या जवळ काचेवर लाटा दिसू लागतात, छोटे बुडबुडे येतात आणि कंडेन्सरखालच्या रिसीव्हर फ्लास्कमध्ये थेंब पडू लागतात. मग दाब तिथेच सोडून द्यायचा. थेंबांची गती कमी वाटली म्हणून बाथ ५० करायचा नाही. बाथ तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो, व्हॅक्यूम मात्र क्षणात बदलतो, म्हणून हाताशी ठेवायची गोष्ट व्हॅक्यूमच. फेस वर चढायला लागला तर व्हेंट किंचित उघडून हवा आत सोडायची, फेस लगेच बसतो. फ्लास्कच्या वर उसळलेला द्रव अडवणारा बम्प ट्रॅप कायम ठेवतो, आणि तो दर बॅचआधी धुतलेला असतो. म्हणजे उसळी आलीच तर ट्रॅपमधला माल थोड्या स्वच्छ डीसीएमने धुऊन परत घेता येतो.

सुमारे १० मिलिलिटर उरलं की ते आधी वजन केलेल्या ५० च्या फ्लास्कमध्ये घेतो. मोठ्या फ्लास्कच्या भिंतीवर २ ग्रॅम तेल पसरलं तर उडायला केवढी तरी जागा मिळते. याच टप्प्यावर रिसीव्हर रिकामा करायचा. हे फार कमी जण सांगतात. तिथे साठलेलं डीसीएम २५ अंशांना ५८० मिलिबारच्या आसपास उकळतं. दाब १०० वर न्यायला गेलं की तेच रिसीव्हरमधून पुन्हा उकळून पंपात जातं, आणि कंट्रोलरचा आकडा खाली येतच नाही. लोक मग गळती शोधत बसतात.

बाथ ३० वर आणतो आणि दाब २००, १००, शेवटी ६० मिलिबार. त्याच्या खाली नाही. ३० अंशांना शुद्ध डीसीएमचा बाष्पदाब सुमारे ७०० मिलिबार, लिमोनिनचा सुमारे ३. द्रावणात डीसीएम भरपूर असतं तोवर वाफेत लिमोनिन नगण्य असतं. ६० मिलिबारला वाफेतल्या दर २० रेणूंमागे जेमतेम एक लिमोनिनचा, आणि तेलात डीसीएम वजनाने ५ टक्क्यांच्या आसपास उरतं. पण पंप पूर्ण उघडून १० मिलिबारवर नेलं, तर वाफेतला जवळपास तिसरा हिस्सा लिमोनिनचा होतो. हा हिशोब आदर्श द्रावण धरून केलाय, तरी दिशा बरोबर आहे: नुकसान पहिल्या तासात होत नाही, शेवटच्या काही मिनिटांत होतं.

‘वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूमवर ठेवा’ हा नियम स्थायू आणि जड पदार्थांसाठी आहे. लिमोनिनचं वजन व्हॅक्यूमवर स्थिर होतच नाही. आधी भराभर उतरतं, मग संथ, एकसारख्या गतीने उतरत राहतं. ती संथ उतरण म्हणजे माल जातोय. उरलेलं डीसीएम किती ते वजनावरून ठरवू नका. एनएमआरची सोय असेल तर ५.३० पीपीएमवर डीसीएमची एकच रेघ दिसते, लिमोनिनची ५.४० जवळची रेघ बाजूलाच असते. दोन्हींचं क्षेत्रफळ मोजून प्रमाण काढता येतं. ते वजनातून वजा केलं की खरं उत्पादन कळतं. अजून खाली आणायचं असेल तर थंड फ्लास्कवर नायट्रोजनची हलकी झुळूक पुरते, वारंवार वजन करत.

थांबवताना आधी फ्लास्क बाथमधून वर, मग फिरवणं बंद, फ्लास्क हाताने धरून हळू व्हेंट, आणि पंप शेवटी.

यंत्राबद्दल तक्रार एकच. बाथचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा ३ अंशांनी कमी दाखवतो, हे थर्मामीटर बुडवून कळलं. लिमोनिनसारख्या मालाला ३ अंशही महाग पडतात, म्हणून नवीन यंत्र आल्यावर हे पहिल्याच दिवशी तपासा. मुख्य सील टेफ्लॉनचं आहे आणि आतापर्यंत टिकलंय. दर आठवड्याला रिकाम्या फ्लास्कवर ५० मिलिबार आणून पंपाची जोडणी बंद करतो आणि आकडा किती वेगाने चढतो ते बघतो. गळती असेल तर आत येणारी हवा वाफेला कंडेन्सरपाशी थांबू न देता ओढून नेते, आणि पंपाच्या तोंडाशी संत्र्याचा वास येऊ लागतो.