कोको दीडपट महागला: रेसिपी, वजन, पुरवठादार की किंमत?

कच्च्या मालाचा भाव अचानक चढला की उत्पादन विभाग म्हणतो पुरवठादार बदला, खरेदी विभाग म्हणतो रेसिपी बदला. विक्रीवाले म्हणतात वजन कमी करा पण किंमतीला हात लावू नका, आणि हिशेबनीस म्हणतो किंमत वाढवा. प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या टेबलावर काम टाकणारा असतो. म्हणून हे चारही मार्ग एकाच मालावर आणि एकाच हिशेबात शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

माल घेऊ मिल्क चॉकलेटचा १०० ग्रॅमचा बार. कोकोचं उदाहरण घेण्याचं कारण म्हणजे अलीकडच्या काळात इतकी उसळी फार थोड्या मालांनी घेतली. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात २०२३ च्या सुरुवातीला टनाला साधारण २,६०० डॉलर असलेला भाव एप्रिल २०२४ मध्ये ११,००० च्या वर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये १२,००० ओलांडून गेला. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे अवेळी पाऊस, झाडांवरचे रोग आणि म्हाताऱ्या बागा हे सगळं एकाच वेळी आडवं आलं. पुढे २०२५ अखेरपर्यंत हाच भाव शिखराच्या निम्म्याच्या आसपास उतरला. हा उतार लक्षात ठेवा, निर्णय घेताना तो कामाला येईल.

आधी खड्डा किती, ते मोजू

घाऊक व्यापाऱ्याला बार १०० ला विकतो असं धरू. चलन कुठलंही घ्या. त्यात कोको २४, साखर, दूध वगैरे १६, रॅपर आणि खोका ८, आणि बारमागे लागणारी मजुरी, वीज, वाहतूक १२. एकूण ६०, हातात राहिले ४०. भाडं, पगार, कर्जाचे हप्ते असा स्थिर खर्च आजच्या खपावर बारमागे ३० पडतो. निव्वळ नफा १०.

कोको ५० टक्क्यांनी महागला. २४ चे ३६ झाले, हातातले ४० घटून २८ वर आले आणि १० नफ्याच्या जागी २ तोटा आला. खड्डा १२ चा. गोदामात जुन्या भावाचा साठा असेल तर हा तोटा काही आठवडे वहीत दिसणार नाही, आणि घोळ तिथेच होतो. हिशेब नेहमी पुढच्या खरेदीच्या भावाने करायचा. जुना साठा आपल्याला विचार करायला वेळ देतो, नफा देत नाही.

| मार्ग | १२ पैकी किती भरून येतात | लागणारा वेळ | परतीची वाट |
|---|---|---|---|
| पुरवठादार (५ टक्के स्वस्त) | १.८ | चाचण्यांसह काही महिने | सोपी |
| रेसिपी (नाव न बदलता) | सुमारे ३ | काही महिने | अवघड |
| वजन (१०० चे ९० ग्रॅम) | ५.२ | साचा आणि रॅपर येईपर्यंत | फार अवघड |
| किंमत (१२ ने वाढ) | १२, खप टिकला तर | काही आठवडे | सोपी |

पुरवठादार: दरवाढ मालाची की माणसाची?

हा प्रश्न सर्वांत आधी, कारण उत्तर शोधायला पैसे लागत नाहीत. पुरवठादाराची मागच्या सहा महिन्यांची दरपत्रकं घ्या आणि त्याच तारखांचे वायदेबाजारातले भाव शेजारी लिहा. बाजार २० टक्के आणि तो ५० टक्के चढला असेल तर नवा पुरवठादार शोधणं हाच उपाय, बाकी तीन मार्गांची गरजही पडणार नाही. दोघे बरोबरीने चढले असतील तर दुसऱ्याच्या दारातही तोच भाव मिळणार. आपल्या उदाहरणात ५ टक्के स्वस्त माल मिळाला तरी ३६ वर १.८ वाचतात.

त्या १.८ साठी नवा कोको मास, म्हणजे कोकोच्या बिया दळून केलेला लगदा, मागवायचा, त्याचा बारीकपणा, ओलावा आणि वितळल्यावरचा दाटपणा तपासायचा, चाचणीचा घाणा काढायचा. दाटपणा बदलला की साच्यात भरताना वजन हलतं आणि वाचलेले पैसे जास्तीच्या चॉकलेटच्या रूपाने ग्राहकाला फुकट जातात. शिवाय चढत्या बाजारात सर्वांत स्वस्त दर देणारा पुरवठादार पुढच्या महिन्यात माल देईलच असं नाही. भाव आणखी चढला की करार मोडून दुसरीकडे विकण्याचा मोह त्यालाच सर्वांत जास्त. त्यापेक्षा जुन्या पुरवठादाराकडून दर वायदेबाजाराशी बांधून घ्या, म्हणजे भाव उतरला की त्याचाही दर आपोआप उतरेल. हे कलम महागाईच्या दिवसांतच मागायचं असतं.

रेसिपी: अर्धी वाट नसलेला रस्ता

चॉकलेटमध्ये सर्वांत महाग घटकांपैकी एक म्हणजे कोको बटर. त्याच्या जागी दुसरी चरबी घालण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार कोको बटरशी जुळणाऱ्या चरबीचा. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेट-नियमात अशा सहा चरबी दिल्या आहेत: इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंत त्या घालता येतात, लेबलवर तसं छापावं लागतं, आणि नाव ‘चॉकलेट’च राहतं. आपल्या बारमध्ये ३० ग्रॅम कोको-घटक ३६ ला पडतात, म्हणजे ग्रॅमला सरासरी १.२. पर्यायी चरबी त्याच्या निम्म्या भावाने मिळाली तर ५ ग्रॅमवर ३ वाचले. इथे मर्यादा येते.

दुसरा प्रकार पाम-बी किंवा नारळाच्या तेलापासून केलेल्या चरबीचा. ती बरीच स्वस्त असते आणि टेम्परिंगही, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांवर थंड-गरम करून घट्ट बसवणंही, लागत नाही. पण कोको बटर आणि ही चरबी एकमेकांत नांदत नाहीत. दोन्ही मिसळल्या की मिश्रण मऊ पडतं आणि बारवर पांढरी भुरी येते. म्हणजे ‘थोडी थोडी घालून पाहू’ चालत नाही; कोको बटर जवळजवळ पूर्ण काढावं लागतं, कोकोची चव कमी चरबीच्या पावडरीतून आणावी लागते, आणि दोन्ही माल एकाच यंत्रावर काढायचे तर मधे यंत्र रिकामं करून स्वच्छ करावं लागतं. ओलावा शिरला तर काही आठवड्यांनी साबणासारखी चव येते, ती घाणा काढल्याच्या दिवशी कळत नाही. शिवाय बहुतेक देशांत मग त्याला नुसतं ‘चॉकलेट’ म्हणता येत नाही. ही रेसिपीतली दुरुस्ती नाही, हा दुसराच माल आहे. तो दुसऱ्या नावाने आणि कमी किंमतीत काढायला माझी हरकत नाही. जुन्या रॅपरमध्ये घालायला मात्र आहे.

चव बदलली का, हे मालकाने चाखून ठरवू नये. तीन नमुने ठेवा, दोन एकसारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते विचारा. ३० जणांत १० जण नुसत्या अंदाजानेही बरोबर येतील. १५ किंवा जास्त आले तर फरक खरोखर कळतो आहे. नमुने दोन-तीन महिने ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्या, आणि तुलना प्रत्येक वेळी मूळ रेसिपीशीच करा. मागच्या बदलाशी केली तर दर पायरीला ‘फरक नाही’ असं उत्तर येत राहतं आणि चौथ्या पायरीवर ग्राहक निघून जातो. अमेरिकेतल्या श्लिट्झ या बिअरचं १९७० च्या दशकात साधारण असंच झालं. घटक आणि आंबवण्याचा वेळ टप्प्याटप्प्याने कमी होत गेला आणि देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर राहिलेलं नाव रसातळाला गेलं.

वजन: दिसतं त्यापेक्षा कमी वाचतं

बहुतेकांचा पहिला कल इकडे असतो, आणि हिशेबाची सर्वांत मोठी फसगतही इथेच होते. १०० ग्रॅमचे ९० केले की १० टक्के वाचले असं वाटतं. पण वाचतो तो फक्त माल: कोकोत ३.६, साखर-दुधात १.६, मिळून ५.२. रॅपर एक लागायचं ते एकच लागतं. यंत्र मिनिटाला नग मोजतं, ग्रॅम नाही, त्यामुळे मजुरी आणि वीज जवळपास तीच. खोक्यात नग तेवढेच, ट्रकमध्ये जागा तेवढीच.

ग्राहकाच्या बाजूने पाहा. त्याला ग्रॅममागे ११ टक्के जास्त पडले. म्हणजे ११ टक्के दरवाढीचा रोष ओढवून आपल्या हाती आले ५.२. सगळा खड्डा वजनातून भरायचा तर बार ७७ ग्रॅमचा करावा लागेल, आणि ते हातात घेताच कळतं. टोब्लरोनने २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ४०० ग्रॅमचा बार ३६० वर आणि १७० चा १५० वर आणला. त्यासाठी त्रिकोणांमधलं अंतर वाढवलं. ज्या आकारावरून तो बार ओळखला जातो तोच बदलल्यामुळे जगभर हसं झालं, आणि २०१८ मध्ये जुना आकार परत आणावा लागला. फ्रान्समध्ये तर १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ ‘वजन घटलं, दर वाढला’ अशी सूचना दोन महिने लावावी लागते.

तरीही एका ठिकाणी हा मार्ग योग्य आहे. माल एकाच नाण्यात किंवा नोटेत विकला जात असेल आणि सुट्टे मागितले की गिऱ्हाईक वळत असेल, तर किंमत हलतच नाही आणि वजनच हलवावं लागतं. तिथे साचा मागवताना पुढच्या भाववाढीचाही विचार करा. दर वर्षी नवा साचा परवडणार नाही.

किंमत: भीती मोजून पाहा

बार ११२ ला विकला तर हातात पुन्हा ४०. खप घटेल ही भीती खरी आहे, पण किती घटला तर चालेल याचा आकडा काढता येतो. काहीच केलं नाही तर बारमागे २८ राहतात. २८ ला ४० ने भागलं की ०.७. म्हणजे ३० टक्के खप गेला तरी आपण काहीच न करण्याच्या अवस्थेपेक्षा वाईट नाही. जुना नफा पूर्ण टिकवायचा असेल तर खपात घट अजिबात चालत नाही. ९ टक्के घट गृहीत धरली तर किंमत ११६ लागते.

दुकानदार टक्केवारीने नफा धरतो हे विसरू नका. खरेदीवर २५ टक्के धरणाऱ्याकडे आपले १२ फळीवर १५ होतात. आणि आपणही ‘४० टक्के नफा हवाच’ म्हणून १२० ची किंमत लावू नये. कोको महागला म्हणून आपलं भाडं वाढलेलं नाही. रुपयात तेवढेच ४० मिळाले तरी पुरे.

या बारसाठी मी किंमत ११० करेन, उरलेले २ पुरवठादाराशी करार बदलून मिळवायचा प्रयत्न करेन आणि रेसिपी व वजन दोन्ही तशीच ठेवेन. ते २ मिळाले तर ८ टक्के खप गेला तरी जुन्या खपाच्या मापाने बारमागे ६.८ नफा उरतो. कोको उतरला की सवलत देऊन किंमत खाली आणता येते. पातळ केलेली चव आणि बारीक केलेला साचा तितक्या सहज परत येत नाहीत, आणि २०२४ च्या शिखरावर घाईने रेसिपी बदलणाऱ्यांपुढे वर्षभरात नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

दरवाढ एकदाच करा, तारीख महिनाभर आधी कळवा. कळवताच व्यापारी जुन्या दराने साठा भरून घेतील, म्हणून त्या काळात प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या मागणीपेक्षा जास्त माल देऊ नका. एवढं करूनही पहिल्या महिन्यात विक्री फुगलेली आणि दुसऱ्यात पडलेली दिसेल. ग्राहक खरोखर किती गेले, हे तिसऱ्या महिन्याच्या आकड्यावरूनच पाहा.