किकऑफ मेलचा एक साचा : वर्षभर वापरल्यानंतर

भोसरीच्या एका मध्यम कारखान्यात मी प्रोजेक्ट समन्वयाचं काम करते. वेगवेगळ्या विभागांची माणसं एका कामाला जोडायची वेळ आली की पहिल्या दिवशी जो मेल जातो, त्याचा एक ठरलेला साचा आम्ही फेब्रुवारी 2025 पासून वापरतो आहोत. आता त्याच्यावर बरीच कामं पार पडली आहेत, म्हणून त्यातलं काय टिकलं आणि कुठे तो कमी पडतो ते सविस्तर लिहिते.

साचा आधी थोडक्यात. विषयात कामाचं नाव आणि शेवटची तारीख. पहिल्या दोन ओळींत काय बदलणार आणि कधीपासून. मग भूमिका, मग तारखा, मग कोणती गोष्ट कुठे बोलायची. शेवटी एकच मागणी : उद्या संध्याकाळपर्यंत ‘मान्य’ किंवा दुरुस्ती कळवा. मोबाइलवर दोनदा बोट सरकवून संपेल एवढीच लांबी. तक्ता नाही, कारण स्टोअर्स आणि डिस्पॅचची मंडळी मेल फोनवरच वाचतात आणि तिथे तक्त्याचे रकाने फुटतात. एका ओळीत एक माणूस, एवढं पुरतं.

ज्या कामासाठी हा साचा पहिल्यांदा वापरला, त्याचंच उदाहरण घेते. वार्षिक उलाढाल 10 कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्यांना 1 एप्रिल 2025 पासून ई-इन्व्हॉइस बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक झालं. क्रेडिट नोट आणि डेबिट नोटही त्यात आल्या. मुदत उलटली की पोर्टल कागद स्वीकारत नाही, आयआरएन हा नोंदणीचा क्रमांक मिळत नाही, आणि ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे त्यांचं आयआरएनशिवायचं बिल नियमाप्रमाणे बिलच धरलं जात नाही. मग ग्राहकाचं इनपुट क्रेडिट अडकतं आणि त्याचा फोन सेल्सला येतो.

विक्रीची बिलं आमच्याकडे गाडी सुटण्याआधीच नोंदवली जात होती, तिथे प्रश्न नव्हता. अडचण परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटांची होती. माल परत आला की कोल्हापूरची शाखा त्याच दिवशीच्या तारखेची नोट तयार करून ठेवायची. मग स्टोअर्स माल तपासणार, सेल्स दर मान्य करणार, आणि महिनाअखेरीला लेखा विभाग सगळ्या नोटा एकत्र नोंदवणार. नोटेवरची तारीख मात्र पहिल्या दिवसाचीच, त्यामुळे तपासणी रेंगाळली की तीस दिवस तिथेच सरत. लेखा, स्टोअर्स, सेल्स, शाखा, आयटी आणि बाहेरचा सॉफ्टवेअरवाला असे सगळे यात होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे मुळात दुसऱ्याचं काम आहे.

भूमिकांचा भाग मेलमध्ये असा गेला. नावांच्या जागी इथे हुद्दे लिहिते, प्रत्यक्ष मेलमध्ये नाव आणि मोबाइल नंबर होता :

> क्रेडिट नोटेवर कोणती तारीख घालायची, हा निर्णय : लेखाप्रमुख. त्या नसतील तर वरिष्ठ लेखापाल.
> निर्णयाआधी ज्यांचं मत घ्यायचं : सेल्स मॅनेजर, स्टोअर्स इन्चार्ज.
> परत आलेला माल तीन कामाच्या दिवसांत तपासून नोंद : स्टोअर्स इन्चार्ज. ते नसतील तर सेकंड शिफ्टचे सुपरवायझर.
> बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये 20 दिवस झालेल्या कागदाची सूचना दिसणं : आयटी. सॉफ्टवेअरवाल्याशी फक्त आयटीनेच बोलायचं.
> शाखेतला सराव : कोल्हापूरचे बिलिंग क्लार्क. आठवड्याला साधारण चार तास. शाखा व्यवस्थापकांशी बोलणं झालं आहे.

या ओळींमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिली. बहुतेक किकऑफ मेलमध्ये ‘लेखा विभाग : क्रेडिट नोटा’ असं कामांचं वाटप असतं. पण विभागांमध्ये भांडण कामावरून क्वचित होतं, ते निर्णयावरून होतं. सेल्सचं म्हणणं होतं की ग्राहकाने माल परत पाठवला त्याच दिवसाची तारीख हवी, कारण ग्राहक आपल्या वहीत तीच धरतो. स्टोअर्स म्हणत होतं की माल न तपासता नोट काढायचीच कशाला? दोघांचंही म्हणणं रास्त होतं. निर्णय कुणाचा हे मेलमध्ये स्पष्ट असल्यामुळे वाद एका बैठकीत मिटला : तपासणीची नोंद झाल्यावरच नोट काढायची आणि तारीख त्या दिवसाची घालायची. मागच्या सगळ्या कामांत मी हेच पाहिलं आहे. ज्या ओळीत निर्णय घेणारं एकच नाव होतं ते काम चाललं, आणि ‘सेल्स व स्टोअर्स मिळून’ असं लिहिलं तिथे पहिल्याच आठवड्यात अडलं.

‘ते नसतील तर’ हे शब्दही माझ्या दृष्टीने अनिवार्य झाले आहेत. लग्नसराईत, गणपतीत किंवा पेरणीच्या दिवसांत माणूस गावी जातो आणि त्याच्या नावापुढचं काम तिथेच थांबतं. बदली माणसाचं नाव आधीच लिहिलेलं असेल तर कुणाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

तासांची ओळ मात्र मेल पाठवण्याआधी फोनवर ठरलेली असावी लागते. शाखा व्यवस्थापकांना सीसीमध्ये ठेवून ‘तुमच्या क्लार्कचे चार तास लागतील’ असं परस्पर कळवलं, तर ते मेलला उत्तर देत नाहीत, आणि क्लार्कला वेळही देत नाहीत. म्हणून ज्यांची माणसं लागणार त्या प्रत्येक प्रमुखाशी आधी बोलायचं, आणि मेलमध्ये फक्त ठरलेलं लिहायचं. ‘टू’मध्ये ज्यांच्या नावावर काम आहे तेवढेच, प्रमुख ‘सीसी’मध्ये. बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याला हा मेल जात नाही. त्याच्या कामापुरता वेगळा मेल आयटीकडून जातो.

तारखा आम्ही शेवटाकडून मागे मोजत आणतो. कागदावर मुदत 1 एप्रिलची होती. पण 30 मार्चला गुढीपाडवा, 31 ला ईद, त्यात वर्षअखेरीचे हिशेब आणि त्याआधीचा आठवडा माल मोजणीचा. त्या काळात लेखा किंवा स्टोअर्सकडून नवीन काही करून घेणं अशक्य. म्हणून खरी मुदत 17 मार्च धरली. त्याच्या मागे 14 ला धुळवड, तेव्हा सराव 3 ते 13 मार्च. सरावाआधी सॉफ्टवेअर तयार हवं, म्हणून 21 फेब्रुवारी, आणि त्यात 19 ची शिवजयंतीची सुट्टी वगळलेली. सॉफ्टवेअरवाल्याला नियम हातात हवा, म्हणून तारखेचा निर्णय 12 फेब्रुवारीला. मेल गेला 3 फेब्रुवारीला.

मेलमध्ये यातल्या चारच तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढे कोण कुणाला काय देणार ते लिहिलं होतं. ‘21 फेब्रुवारी : सॉफ्टवेअर तयार’ असं लिहिलं की आयटी म्हणतं झालं आणि शाखा म्हणते आम्हाला दिसतच नाही. त्याऐवजी लिहिलं : ‘21 फेब्रुवारी : आयटीने कोल्हापूरच्या क्लार्कना त्यांच्याच लॉगिनवर सूचना दाखवायची.’ सरावाचंही तसंच : ‘परत आलेल्या खऱ्या मालाच्या पाच नोटा शाखेने नव्या पद्धतीने काढल्या आणि पाचही नोटांना आयआरएन मिळाला, म्हणजे सराव पूर्ण.’ झालं की नाही हे दोन्हीकडच्या माणसांना सारखंच दिसेल, असं वाक्य सापडेपर्यंत मी ती ओळ पुन्हा पुन्हा लिहिते. साच्यातला सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यावा असं माझं ठाम मत आहे.

तिसरा भाग संपर्काचा. आमच्या मेलमध्ये तो तीन ओळींचा असतो. गाडी गेटवर उभी आहे किंवा बिल निघत नाही, तर फोन, आणि पंधरा मिनिटांत उचलला नाही तर बदली माणसाला. रोजच्या शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर, उत्तर त्याच दिवशी. निर्णय आणि तारखेतला बदल फक्त याच मेलच्या उत्तरात.

हा भाग सर्वांत लवकर ढिला पडतो. पहिले दोन आठवडे सगळे पाळतात, मग कुणीतरी ग्रुपवर ‘शुक्रवारऐवजी सोमवार चालेल ना?’ असं विचारतं, दोन अंगठे येतात आणि तारीख बदलते. ग्रुपवर नसलेल्या प्रमुखांच्या डोक्यात जुनीच तारीख असते. ‘नक्की कोणती तारीख धरायची?’ असा प्रश्न कुणी विचारला की समजावं, निर्णय मेलबाहेर व्हायला लागले आहेत. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय दर मंगळवारचा आहे. मूळ मेलला मीच ‘रिप्लाय ऑल’ करून त्या आठवड्यातले फक्त बदल लिहिते : जुनी तारीख, नवी तारीख, कुणी मान्य केली. बदल नसेल तर ‘या आठवड्यात बदल नाही’ एवढी एकच ओळ जाते. ग्रुपवर काही ठरलं असेल तर ते मंगळवारच्या मेलमध्ये आल्यावरच धरायचं, असं पहिल्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं. विषयाची ओळ मध्येच बदलायची नाही, नाहीतर जीमेलमध्ये नवी साखळी सुरू होते आणि मागचे निर्णय वेगळ्या जागी राहतात.

‘मान्य’ मागण्याचा उपयोग मला सुरुवातीला वाटला त्याहून मोठा निघाला. स्टोअर्स इन्चार्जनी ‘मान्य’ न लिहिता कळवलं, की तीन दिवसांत तपासणी होईल, पण कास्टिंगचा माल असेल तर चाचणीला पाच दिवस लागतात. हे पहिल्याच दिवशी कळल्यामुळे ती ओळ तिथेच दुरुस्त झाली. उत्तर न येणं ही मात्र धोक्याची खूण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्यांचं उत्तर नाही त्यांना मी फोन करते, आणि बहुतेक वेळा कळतं की त्यांच्या साहेबांनी त्यांना दुसऱ्याच कामावर घेतलं आहे.

साच्याच्या मर्यादाही आहेत. दोन विभागप्रमुखांचं एकमेकांशी पटत नसेल आणि वरचे साहेब कुणाची बाजू घ्यायला तयार नसतील, तर मेलमध्ये निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहून तो अधिकार त्या माणसाला मिळत नाही. अशा वेळी मेल थांबवून आधी साहेबांकडून नाव ठरवून घ्यावं लागतं, मग सुरुवातीला आठवडा गेला तरी चालेल. दुसरं, सात-आठ जणांपलीकडे हा मेल लांबतो आणि कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. नंतर एका शॉपची जागा बदलण्याच्या कामात वीसएक माणसं होती. तेव्हा सगळ्यांना तारखांचा एक छोटा मेल पाठवला, आणि वीज, यंत्रं, माल अशा तीन गटांना त्यांच्या भूमिकांचे वेगळे मेल. गटांमध्ये जिथे एकाचं काम दुसऱ्याच्या हाती जातं, ती ओळ दोन्ही मेलमध्ये शब्दशः तीच ठेवली. आणि एकाच खोलीत बसणाऱ्या दोन-तीन जणांचं काम असेल, तर हा साचा मी काढतच नाही. तिथे समोरासमोर बोलून ठरलेल्या दोन तारखा मेलवर टाकल्या की भागतं.