टॅबवरून गृहपाठाचे स्क्रीनशॉट: पहिलं सत्र वापरल्यानंतर

जूनमध्ये पालकांना दिलेल्या सूचनापत्रात पद्धत सोपी होती: टॅबवर सराव सोडवा, स्क्रीनशॉट काढा, गुगल क्लासरूममध्ये जमा करा. सातवीच्या वर्गात ती दिवाळीपर्यंत चालवल्यावर एवढं नक्की सांगता येतं की स्क्रीनशॉट काढणं मुलांना एका दिवसात जमतं. घोळ होतात ते काढण्याच्या जरा आधी आणि पाठवताना. म्हणून दुसऱ्या सत्रासाठी तीच सूचना थोडी खुलवून.

अँड्रॉइड टॅबवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकदम दाबायचं आणि लगेच सोडायचं. आवाजाचं बटण आधी दाबलं गेलं तर आवाजाची पट्टी उत्तरावर येऊन बसते आणि चित्रातही तशीच उमटते. पॉवर आधी दाबलं तर स्क्रीनच बंद होते. दोन्ही बराच वेळ धरून ठेवली तर काही टॅब सरळ रीस्टार्ट होतात आणि न साठवलेली उत्तरं जातात. आयपॅडवर जोडी वेगळी आहे: होम बटण असेल तर वरचं बटण आणि होम, नसेल तर वरचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक.

बटणं दाबण्याआधी कीबोर्ड मिटवा. शेवटचं उत्तर टाइप केलं की मुलं तशीच बटणं दाबतात आणि खालची अर्धी स्क्रीन कीबोर्डने झाकलेली येते. खालच्या टोकाचा बाण किंवा बॅक एकदा दाबला की तो जातो. वरून उतरणाऱ्या मेसेजच्या पट्ट्याही बंद ठेवा. टॅबमध्ये घरच्यांचं सिम किंवा व्हॉट्सअ‍ॅप असेल तर बँकेचा ओटीपीसुद्धा गृहपाठासोबत शाळेत येतो. आणि सराव गुगल फॉर्मवर असेल तर आधी "Submit" दाबा, मगच चित्र काढा. भरलेल्या चौकटींचं चित्र म्हणजे फॉर्म दिला असं नव्हे.

आता सगळ्यात जास्त तक्रारी ज्यावरून आल्या ते. चित्र वाचता येत नाही असं कळवलं की पालक म्हणतात: "आमच्या टॅबवर तर स्पष्ट दिसतंय!" दिसतंच. अपूर्णांकांचा दहा गणितांचा सराव एका स्क्रीनवर मावत नाही, म्हणून मुलं लांब, सरकत जाणारा स्क्रीनशॉट काढतात. समजा, टॅबची रुंदी 1200 पिक्सेल आहे आणि लांबलचक चित्राची उंची 6000 झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर ते साध्या दर्जाचा फोटो म्हणून पाठवलं की लांब बाजू साधारण 1600 पर्यंत आकसते. त्याच प्रमाणात रुंदी 320 वर येते. गणिताची पूर्ण ओळ 320 ठिपक्यांत कोंबल्यावर 3/8 आणि 3/6 यांत फरक उरत नाही, मोठं करून पाहिलं तरी नाही. उलट 1200 बाय 1920 चा साधा, एका स्क्रीनचा शॉट आकसून 1000 बाय 1600 होतो आणि आरामात वाचता येतो.

तेव्हा लांब शॉट नकोच. तीन-चार साधे शॉट काढा, प्रत्येकात आधीच्या शॉटमधलं शेवटचं गणित पुन्हा दिसू द्या, म्हणजे मधलं काही गळलं नाही हे कळतं. फाइलचं नाव बदलू नका. "Screenshot_20250714-183012.png" अशा नावात तारीख आणि वेळ असते, त्यावरूनच क्रम लागतो. क्लासरूम बंद पडल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वेळ आलीच तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

क्लासरूममध्ये गृहपाठ उघडून "Your work" वर जा, "Add attachment" मधून चित्रं जोडा. इथे बरीच मुलं थांबतात. चित्र जोडलेलं दिसतं, घरी वाटतं झालं, पण "Turn in" दाबून पुढच्या चौकटीत पुन्हा होकार दिल्याशिवाय ते जमा होत नाही. पालकांनी एवढंच बघावं: वर "Turned in" लिहिलंय की अजून "Assigned"? चुकीचं चित्र गेलं तर "Unsubmit" करून बदलता येतं, मात्र पुन्हा "Turn in" करायला हवं. तोवर मुदत टळली तर उशीर झाल्याची नोंद होते.

वहीतल्या गृहपाठाला ही पद्धत लावू नका. काही मुलं वहीचा फोटो काढतात, गॅलरीत उघडतात आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. मूळ फोटो बारा मेगापिक्सेलचा असला तरी हातात येतात ते स्क्रीनवर मावलेले ठिपके, वर कडेला काळ्या पट्ट्या. अशा वेळी मूळ फोटोच जोडा. बहुपर्यायी सराव आणि गुणांचं पान यांसाठी स्क्रीनशॉट चांगला चालला. रीत दाखवायची गणितं, आकृत्या आणि निबंध दुसऱ्या सत्रात वहीतच राहतील.