वागळे इस्टेटमधलं छोटं ऑफिस आणि स्नाइप-आयटी: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. माणसं तीसच्या आसपास आणि आयटीवाला मी एकटाच, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच. लॅपटॉपची नोंद पूर्वी एका एक्सेल शीटमध्ये असायची. तिची एक प्रत माझ्याकडे, एक अकाउंट्सच्या मॅडमकडे आणि एक सरांच्या मेलमध्ये, आणि तिन्हींत काही ना काही वेगळं. गेल्या पावसाळ्याआधी हे सगळं स्नाइप-आयटी या सामानाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणलं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, स्वतःच्या मशीनवर चालवलं तर फुकट. मी एका जुन्या डेस्कटॉपवर उबंटू टाकून बसवलं. पैसे भरून त्यांच्याच सर्व्हरवर चालवायची सोयही आहे, पण ती मी वापरलेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. हे सॉफ्टवेअर नेटवर्कवर फिरून लॅपटॉप शोधत नाही. तुम्ही भराल तेच त्यात दिसणार. त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक मशीनजवळ जाणं आलंच. खालचं स्टिकर घासून गेलेलं असेल तर पॉवरशेलमध्ये हे टाइप करा, सिरीयल नंबर मिळतो:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

एक्सेलमधून सीएसव्ही करून एकदम इम्पोर्टही करता येतं. फक्त तारखा 2024-03-05 अशा, वर्ष आधी लिहून द्या. 05/03/2024 लिहिलं तर आपला पाच मार्च तिकडे तीन मे होऊ शकतो आणि कुठेही एरर दिसत नाही.

आता वॉरंटी. मी हे सगळं मुख्यतः तिच्यासाठीच केलं होतं आणि सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागलं. स्नाइप-आयटीमध्ये वॉरंटी संपण्याची तारीख भरायचीच नसते. Purchase Date भरायची, Warranty मध्ये महिने भरायचे, बेरीज ते करतं. दिसायला सोपं आहे. आमच्याकडे काही लॅपटॉप एकाच बिलावर आले होते, बिलाची तारीख 18 मार्च 2024, वॉरंटी तीन वर्षं. 36 महिने टाकले, शेवट आला 18 मार्च 2027. मग सवयीने एकेक सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासला. त्यातल्या दोघांची वॉरंटी तिथे 28 जानेवारी 2027 लाच संपत होती. म्हणजे जवळजवळ सात आठवड्यांची तफावत. कारण साधं आहे. उत्पादक कंपनी अनेकदा माल स्वतःकडून निघाला त्या तारखेपासून वॉरंटी मोजायला लागते, आणि मधले दिवस मशीन डीलरच्या गोडाऊनमध्ये पडून असतं. फेब्रुवारीत मदरबोर्ड गेला असता तर आमच्या रजिस्टरमध्ये वॉरंटी चालू आणि सर्व्हिस सेंटरच्या स्क्रीनवर संपलेली, असा प्रकार झाला असता.

याला दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही केले. आधी कंपनीच्या सपोर्टला बिलाची स्कॅन प्रत पाठवून तारीख दुरुस्त करायला सांगितलं. जीएसटी बिलावर सिरीयल नंबर छापलेले होते म्हणून काम झालं. नुसतं मॉडेलचं नाव असलेलं बिल असतं तर हुज्जत घालावी लागली असती. तेव्हापासून डीलरला ऑर्डर देतानाच सांगतो, बिलावर सिरीयल हवेत. दुसरा उपाय ज्यांची तारीख बदलून मिळत नाही त्यांच्यासाठी. अशा मशीनला Purchase Date मध्ये कंपनीकडे वॉरंटी सुरू झाल्याची तारीख टाकायची आणि खरी बिलाची तारीख वेगळ्या कस्टम फील्डमध्ये ठेवायची. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो चालतो. घसारा मात्र स्नाइप-आयटी Purchase Date वरूनच काढतं, तेव्हा तो हिशोब त्यातच ठेवणाऱ्यांनी हे करू नये. आमचा घसारा टॅलीत असतो, त्यामुळे मॅडमची काही तक्रार नाही.

उलटं का नाही, म्हणजे खरी शेवटची तारीखच कस्टम फील्डमध्ये का नाही टाकायची? कारण वॉरंटी संपत आल्याचा मेल Purchase Date आणि महिने यांच्या बेरजेवरून जातो. कस्टम फील्डमधल्या तारखेकडे तो बघत नाही. बॅटरीचं दुखणं याच कारणाने अजून शिल्लक आहे. बहुतेक लॅपटॉपना तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला एकच वर्ष असतं, आणि एका मशीनला वॉरंटीचा रकाना एकच. बॅटरीच्या तारखा मी सरळ कॅलेंडरमध्ये टाकल्या आहेत.

मेलबद्दल आणखी थोडं. ते आपोआप जातात, पण सर्व्हरवर क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीची, ही ओळ असेल तरच:

```
* * * * * cd /var/www/snipe-it && php artisan schedule:run >> /dev/null 2>&1
```

ही राहिली तर सॉफ्टवेअर बाकी सगळं व्यवस्थित करत राहतं, फक्त मेल येत नाहीत, आणि न आलेला मेल कुणाच्या लक्षात येणार? म्हणून एखाद्या जुन्या मशीनचे वॉरंटीचे महिने मुद्दाम असे बदला की शेवट पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येईल, मग `/var/www/snipe-it` मध्ये जाऊन `php artisan snipeit:expiring-alerts` हाताने चालवा आणि मेल येतो का बघा. आला की महिने परत होते तसे करा.

चार्जर हा आमच्याकडचा खरा भांडणाचा विषय. पावसात गाड्या बंद पडायच्या बेताला आल्या की बदलापूर-डोंबिवलीची मंडळी लॅपटॉप घेऊन घाईत निघतात, आणि परत येताना कुणाचा चार्जर कुणाच्या बॅगेत असतो काही कळत नाही. "हा माझा नाही हो, माझा टाइप-सीवाला होता," हे वाक्य दर जुलैत ऐकू येतं. स्नाइप-आयटीत चार्जर दोन प्रकारे नोंदवता येतो. ॲसेट केला तर प्रत्येकाला स्वतंत्र टॅग आणि इतिहास मिळतो, पण नोंदींची संख्या दुप्पट होते. ॲक्सेसरी केला तर '65 वॅट टाइप-सी' अशी एकच नोंद, एकूण नग आणि ते कुणाकुणाकडे आहेत त्याची यादी. कुठला नेमका चार्जर कुणाकडे, हे ॲक्सेसरीत कळत नाही. मी ॲक्सेसरी निवडली आणि चार्जरच्या विटेवर लॅपटॉपचाच टॅग नंबर लेबल प्रिंटरने चिकटवला. अदलाबदल झाली तर लेबल वाचून जागच्या जागी मिटतं, सॉफ्टवेअर उघडावंच लागत नाही.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा लॅपटॉप चेकइन केला, म्हणजे परत जमा झाल्याची नोंद केली, म्हणून चार्जर चेकइन होत नाही. तो वेगळा करावा लागतो. त्यामुळे लॅपटॉपच्या पानावरून नाही, त्या माणसाच्या पानावरून सुरुवात करायची. तिथे लॅपटॉप, लायसन्स, ॲक्सेसरी सगळं एका जागी दिसतं. नावावर काही शिल्लक असताना तो यूजर डिलीट करायला गेलं की सॉफ्टवेअर अडवतं. एचआरच्या मॅडमना मी एवढंच सांगितलंय, यूजर डिलीट झाल्याचं मी कळवेपर्यंत फुल अँड फायनलवर सही नको.

लायसन्सचं काम ठीक आहे. सीट किती घेतल्या, किती वाटल्या, कधी संपतात हे नीट दिसतं. लॅपटॉपसोबत आलेलं ओईएम विंडोज मशीनला जोडायचं आणि ऑफिसचं सबस्क्रिप्शन माणसाला. हे उलटं झालं तर मशीन दुसऱ्याकडे गेल्यावर सीटचा हिशोब लागत नाही. पण इथली सीट आणि कंपनीच्या पोर्टलवरची सीट यांचा आपसात काही संबंध नाही. इथे चेकइन केलं तरी तिकडे लायसन्स त्या माणसाच्या नावावरच राहतं आणि पैसेही जात राहतात. ते तिकडे जाऊन हातानेच काढायचं.