हेलियमचे हरवलेले १.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट: नुसतं हार्ट्री-फॉक की कॉन्फिगरेशनांचं मिश्रण?

हेलियमच्या अणूवर हार्ट्री-फॉकचं गणित कितीही काटेकोरपणे करा, ऊर्जा −२.८६१६८ हार्ट्रीच्या खाली उतरत नाही. सापेक्षतेचे परिणाम बाजूला ठेवले तर खरी ऊर्जा −२.९०३७२ आहे. म्हणजे ९८.५ टक्के ऊर्जा मिळाली. परीक्षेत एवढे गुण कोणीही आनंदाने घेईल. पण उरलेल्या ०.०४२ हार्ट्रीचे १.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतात आणि अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेत ही चूक जशीच्या तशी उतरते. हेलियम आयनात एकच इलेक्ट्रॉन असल्यामुळे त्याची ऊर्जा बरोबर −२ येते. दोन्हींची वजाबाकी केली की आयनीकरणासाठी २३.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, प्रयोगात मात्र २४.५९ येतात.

इथे एक फसवी वाट आहे. वजाबाकी न करता 1s ऑर्बिटलची ऊर्जाच उचलली तर २४.९८ येतात. हा आकडा खऱ्याच्या जास्त जवळ दिसतो, म्हणून अनेक जण खूश होऊन थांबतात. त्यात दोन चुका एकमेकींना खातायत. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेला इलेक्ट्रॉन आत आकसतो, हे त्यात धरलेलं नाही, आणि कोरिलेशन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना टाळणं, तेही धरलेलं नाही. एक चूक आकडा वर नेते, दुसरी खाली आणते. दुसऱ्या अणूत ही मांडवली अशीच जमेल, याची खात्री नाही.

आता कोरिलेशन हरवतं कुठे ते बघू. हार्ट्री-फॉकमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉनला दुसऱ्याचा सरासरी ढग दिसतो, तो आत्ता नेमका कुठे आहे ते दिसत नाही. समान स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना एक्स्चेंजमुळे निदान एकमेकांपासून दूर राहावं लागतं. हेलियमच्या दोघांचे स्पिन विरुद्ध आहेत, त्यांना तेही बंधन नाही. त्यांचं तरंगफलन φ(1)φ(2) असा साधा गुणाकार आहे. पहिला केंद्रकाच्या डावीकडे असो वा उजवीकडे, दुसरा कुठे सापडेल याची शक्यता तसूभरही बदलत नाही. खरे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात. हे टाळणंच गणितातून निसटलंय.

कॉन्फिगरेशनांचं मिश्रण म्हणजे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऑर्बिटलांत बसवून मिळणाऱ्या तरंगफलनांची बेरीज. ती हे टाळणं परत कसं आणते, हे एका पदावर दिसतं. 1s² च्या जोडीला थोडं 2p² घ्या. त्याचा एकूण कोनीय संवेग शून्य ठेवला की त्यातून cos θ₁₂ बाहेर पडतो. θ₁₂ म्हणजे केंद्रकावरून बघताना दोन इलेक्ट्रॉनांमधला कोन:

ψ = φ(1)φ(2) − k·f(r₁)f(r₂)·cos θ₁₂

दोघे एकाच बाजूला आले तर cos θ₁₂ जवळपास १ असतो आणि वजा चिन्हामुळे ψ घटतं. समोरासमोर असले तर तो −१ कडे जातो आणि ψ वाढतं. 2s² मिसळलं की हेच अंतराच्या बाबतीत घडतं: एक आत, एक बाहेर अशी मांडणी वाढते. प्रत्यक्ष प्रमाण फारच थोडं लागतं. अंतिम तरंगफलनात 1s² चा वाटा ९९ टक्क्यांहून जास्तच राहतो.

किती परत मिळतं, ते बघा (हेलियम, प्रत्येक प्रकारची फलनं पुरेपूर घेऊन):

| काय घेतलं | ऊर्जा (हार्ट्री) | हरवलेल्यापैकी परत |
|---|---|---|
| हार्ट्री-फॉक | −२.८६१६८ | ० % |
| फक्त s चं मिश्रण | −२.८७९०३ | ४१ % |
| s आणि p | −२.९००५२ | ९२ % |
| s, p आणि d | −२.९०२७७ | ९८ % |

माझ्या मते p फलनांशिवाय मिश्रण करणं म्हणजे निम्मं काम सोडून उठणं. पण d च्या पुढे प्रत्येक पायरी महाग आणि मिळकत तुटपुंजी. दोन इलेक्ट्रॉन जिथे भेटतात तिथे खऱ्या तरंगफलनाला टोक असतं, आणि गुळगुळीत ऑर्बिटलांच्या गुणाकारांनी ते टोक घडवायला फार वेळ लागतो. हिलेरास यांनी १९२९ मध्येच ही अडचण वळसा घालून टाळली होती. त्यांनी दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतर r₁₂ सरळ तरंगफलनात लिहिलं.

स्वतः करून बघायचं असेल तर PySCF या पायथन लायब्ररीत एवढं पुरतं:

```python
from pyscf import gto, scf, fci
he = gto.M(atom='He', basis='cc-pvtz', verbose=0)
mf = scf.RHF(he).run()
e, c = fci.FCI(mf).kernel()
print(mf.e_tot, e)
```

पहिला आकडा −२.८६११५ च्या आसपास येतो, दुसरा −२.९००२३ च्या. `cc-pvtz` च्या जागी `cc-pvdz` टाका. हार्ट्री-फॉकची ऊर्जा ०.००६ ने बिघडते, कोरिलेशनसकटची ०.०१३ ने. बेसिस तोकडा असला की मिश्रणालाच जास्त फटका बसतो. आणखी एक गफलत हमखास होते. मिश्रणातलं 2p म्हणजे उत्तेजित हेलियमचं पसरट 2p नव्हे. ते 1s च्याच आकाराचं, आटोपशीर असावं लागतं. पसरट फलन दिलं तर ते इलेक्ट्रॉन असतात तिथे पोचतच नाही. p घालूनही ऊर्जा जागची हलली नाही, तर आधी घातांक तपासा.

बेरिलियमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे 2s² आणि 2p² ऊर्जेने इतके जवळ आहेत की मिश्रण चिमूटभर राहत नाही. हार्ट्री-फॉक −१४.५७३० देतं, खरी ऊर्जा −१४.६६७४. फक्त ही दोन कॉन्फिगरेशन घेऊन ऑर्बिटलंही सोबत सुधारली की −१४.६१६८ मिळते: एका पदात ४६ टक्के तूट भरून निघते. 2p² चा वाटा दहा टक्क्यांच्या घरात जातो. अशा अणूसाठी एकच कॉन्फिगरेशन हा पायाच कच्चा आहे. हेलियममध्ये तो पक्का असतो, फक्त गिलावा राहिलेला असतो.

मग काय निवडायचं? इलेक्ट्रॉन घनता, सरासरी त्रिज्या किंवा ऑर्बिटलांचा आकार हवा असेल तर हार्ट्री-फॉक पुरतं. कारण एकाच इलेक्ट्रॉनने रिकाम्या ऑर्बिटलात उडी मारलेली कॉन्फिगरेशन हार्ट्री-फॉक अवस्थेशी थेट मिसळत नाही, त्यामुळे घनतेतली चूक लहान राहते. आयनीकरण किंवा इलेक्ट्रॉन आसक्ती हवी असेल तर त्यावर विसंबू नका. हायड्रोजनच्या ऋण आयनाला ते −०.४८८ देतं आणि एकट्या हायड्रोजनला −०.५, म्हणजे आयन टिकणारच नाही असं सांगतं. प्रत्यक्षात त्याची ऊर्जा −०.५२७८ आहे आणि तो टिकतो. बेरिलियमसारख्या अणूला आधी दोन-तीन जवळची कॉन्फिगरेशन एकत्र सुधारून घ्या, बाकीचं मिश्रण त्यानंतर.

पूर्ण मिश्रण दोन-चार इलेक्ट्रॉनांपर्यंतच सुखाने परवडतं. त्यापुढे बहुतेक जण फक्त एकेरी आणि दुहेरी उड्यांवर थांबतात. हेलियमला ते पूर्णच आहे, पण दोन हेलियम अणू एकमेकांपासून लांब ठेवून एकत्र मोजा. एकाच वेळी दोघांतही दुहेरी उडी म्हणजे चार इलेक्ट्रॉनांची उडी, आणि ती यादीतच नाही. त्यामुळे जोडीची ऊर्जा एका अणूच्या दुपटीपेक्षा वर येते. अणूंचा एकमेकांशी संबंध नसतानाही हा फरक दिसला, तर समजा की तुमची यादी मधेच तुटलेली आहे.