तीन ट्रीटमेंट, एक ॲनोव्हा: पुढे सीडी, टुकी की डनेट?

नागपुरात कृषीच्या एमएस्सीचे थिसिस अंतिम टप्प्यात आले, की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यंदा तो एका विद्यार्थिनीने आणला. संत्र्याच्या कलमांसाठी जंभेरीचे खुंट वाढवतात, त्या रोपांवर तिचा प्रयोग होता. टी१ म्हणजे नुसती माती-रेती, टी२ मध्ये त्यात शेणखत आणि टी३ मध्ये गांडूळखत. गाइडने थिसिसमध्ये सीडी, म्हणजे क्रांतिक फरकाची चाचणी, लावायला सांगितली होती. त्याच आकड्यांवर पेपर पाठवला, तर परीक्षकाने लिहिलं, "टुकी वापरा." एक सीनियर म्हणाला, "कंट्रोल आहे ना, मग डनेट लाव." तिने तिन्ही लावून पाहिल्या आणि एका जोडीबद्दल निकाल वेगवेगळे आले. "सर, यातलं खरं कोणतं?"

तिचे मूळ आकडे तिचेच राहू देत. त्याच धाटणीचे, समजावण्यापुरते रचलेले आकडे इथे घेतो. प्रत्येक ट्रीटमेंटला सहा रेप्लिकेशन, एका रेप्लिकेशनमध्ये पाच पिशव्या, आणि पाच रोपांच्या उंचीची सरासरी म्हणजे एक आकडा. असे एकूण अठरा आकडे, सेंटिमीटरमध्ये.

```r
d <- data.frame(
  trt = factor(rep(c("T1","T2","T3"), each = 6)),
  ht  = c(18, 19, 19, 20, 22, 22,
          19.9, 21.9, 21.9, 23.9, 23.9, 25.9,
          21.5, 22.5, 24.5, 25.5, 25.5, 27.5))
m <- aov(ht ~ trt, data = d)
summary(m)
TukeyHSD(m)
library(multcomp)
summary(glht(m, linfct = mcp(trt = "Dunnett")))
```

सरासरी येते टी१ ची २०.०, टी२ ची २२.९ आणि टी३ ची २४.५. ॲनोव्हाच्या तक्त्यात F ७.८१ आणि पी-व्हॅल्यू ०.००५.

पण पी-व्हॅल्यूकडे जाण्याआधी डीएफचा रकाना वाचा. ट्रीटमेंटसमोर २ आणि एररसमोर १५ हवेत. ट्रीटमेंटसमोर १ दिसला, तर तुम्ही ट्रीटमेंट १, २, ३ अशा आकड्यांत भरल्या आहेत आणि सॉफ्टवेअरने त्यातून सरळ रेषा काढली आहे. तो ॲनोव्हा नव्हेच. एररसमोर ८७ दिसले, तर नव्वद रोपं नव्वद स्वतंत्र रेप्लिकेशन म्हणून मोजली गेली आहेत. एका रेप्लिकेशनमधली पाच रोपं एकाच जागी, एकाच वेळी पाणी घेत वाढलेली असतात, त्यामुळे ती पाच स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, आणि ती झाली असेल तर पुढे सीडी लावा की टुकी, काही फरक पडत नाही. आणखी एक गोष्ट: शेडनेटच्या पश्चिमेच्या कडेला दुपारचं ऊन जास्त लागत असेल, तर मांडणी करतानाच ब्लॉक पाडायला हवेत. मग हा साधा एकमार्गी ॲनोव्हा राहत नाही.

इथे डीएफ बरोबर आहेत आणि तिन्ही गटांतला विखुरलेपणा साधारण सारखा आहे. एरर मीन स्क्वेअर ४.०. आता F ने काय सांगितलं? तिन्ही सरासरी एकच असत्या, तर एवढा मोठा F क्वचितच आला असता, इतकंच. कोणती कोणापेक्षा वेगळी, हे त्याने सांगितलेलं नाही. "एफ सार्थक आला, म्हणून तिन्ही ट्रीटमेंट एकमेकींपासून वेगळ्या आहेत" हे वाक्य थिसिसमध्ये दिसलं की मी तिथेच लाल रेघ ओढतो.

आता तिन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवू. तिघींना लागणारं साहित्य एकच आहे. फक्त फरक किती मोठा असला तर सार्थक म्हणायचा, हा उंबरठा प्रत्येकीचा निराळा.

| पद्धत | उंबरठा (सेंमी) | टी२−टी१ = २.९ | टी३−टी१ = ४.५ | टी३−टी२ = १.६ |
|---|---|---|---|---|
| सीडी (५%) | २.४६ | सार्थक | सार्थक | नाही |
| डनेट | २.८२ | सार्थक | सार्थक | तपासत नाही |
| टुकी | ३.०० | नाही | सार्थक | नाही |

भांडण फक्त शेणखत विरुद्ध कंट्रोल या जोडीचं आहे. टुकीचा पी तिथे ०.०६ च्या आसपास येतो, सीडीमागच्या टी-चाचणीचा ०.०२४. आकडे तेच, पण प्रत्येक पद्धत उत्तर देते ते निराळ्या प्रश्नाला.

डनेट विचारते, कंट्रोलपेक्षा कोण वेगळं? ती दोनच तुलना करते, म्हणून तिचा उंबरठा टुकीपेक्षा खाली असतो, आणि तिच्याआधी F सार्थक असावाच लागतो असंही नाही. पण शेणखत आणि गांडूळखत यांच्यात बरं कोण, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. नर्सरीवाल्याला नेमकं तेच विचारायचं असेल, तर डनेट लावून तो प्रश्न तुम्ही स्वतःच सोडून दिला. या विद्यार्थिनीच्या सिनॉप्सिसमध्ये उद्देश लिहिला होता, "तिन्ही माध्यमांची परस्पर तुलना". म्हणजे डनेट बाद, मग तिचा निकाल कितीही सोयीचा असो. नुसतं कंट्रोल आहे म्हणून डनेट लागत नाही. उद्देशच कंट्रोलशी तुलनेचा असेल, तर ती लागते.

टुकी सगळ्या जोड्या घेते आणि तिन्ही मिळून एकही खोटा फरक जाहीर होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवते. तिचा खरा फायदा मला विश्वासमर्यादांमध्ये दिसतो. टी३−टी१ साठी १.५ ते ७.५ सेंमी, टी२−टी१ साठी −०.१ ते ५.९, टी३−टी२ साठी −१.४ ते ४.६. या तिन्ही मर्यादा एकाच वेळी खऱ्या असण्याची हमी ९५ टक्क्यांची असते. सीडीने काढलेल्या मर्यादांना ही एकत्रित हमी नसते. "किती फरक" हे सांगायचं असेल, तर टुकीच घ्या.

आता सीडी. तिच्यावर सरसकट आरोप होतो की ती सैल आहे, वाटेल तिथे फरक दाखवते. चार, सहा, दहा ट्रीटमेंट असतील तर आरोप खरा आहे. पण ट्रीटमेंट नेमक्या तीनच असतील आणि आधी F सार्थक आला तरच सीडी लावायची हा नियम पाळला असेल, तर तो आरोप टिकत नाही. कारण पाहू. समजा तिन्ही माध्यमं मुळात सारखीच आहेत. मग खोटा निकाल यायला आधी F चुकावा लागेल, आणि तो १०० पैकी ५ वेळाच चुकतो. समजा दोन सारखी आहेत आणि एक खरंच वेगळं आहे. आता F पार होईल, पण खोटं बोलायला जोडी एकच उरली, आणि तिची चाचणीही ५ टक्क्यांचीच आहे. तिन्ही खरोखर वेगळी असतील, तर खोटा फरक दाखवायला जागाच नाही. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत एकूण चूक ५ टक्क्यांच्या वर जात नाही. चार ट्रीटमेंट झाल्या की हा आधार जातो: एक खूप वेगळी असली, तर तिच्या जोरावर F पार होतो आणि उरलेल्या तीन सारख्यांमध्ये तीन जोड्या मोकळ्या सुटतात.

म्हणून तीन गटांसाठी माझं मत स्पष्ट आहे. फक्त "वेगळं आहे की नाही" एवढंच ठरवायचं असेल, तर F नंतरची सीडी प्रामाणिक आहे आणि टुकीपेक्षा जास्त संवेदनशील आहे. F निरर्थक आला असताना कोणी सीडी लावली असेल, तर मात्र ते मान्य करू नका. आणि तिन्ही पद्धती चालवून ज्यात तारा उमटला ती निवडली, तर कोणत्याच पद्धतीची हमी उरत नाही. इथे विद्यार्थिनीची बाजू भक्कम होती, कारण सिनॉप्सिसमध्येच "सीडी ५ टक्के पातळीवर" असं छापलेलं होतं.

राहिला शब्दांचा प्रश्न, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. आपल्याकडे फरक सार्थक नसला की "ॲट पार" लिहितात. टी३ आणि टी२ ॲट पार, आणि पुढच्याच परिच्छेदात "शेणखत गांडूळखताइतकंच परिणामकारक आढळलं." हे दुसरं वाक्य आकड्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. मर्यादा −१.४ ते ४.६ आहे, म्हणजे गांडूळखताचं रोप साडेचार सेंमीने उंच असण्याची शक्यताही या प्रयोगाने नाकारलेली नाही. वीस सेंमीच्या रोपात हा फरक छोटा नव्हे. नर्सरीवाला त्या वाक्यावर विसंबून स्वस्त खत उचलेल. टुकी वापरली तर आणखी एक गुंता दिसतो: टी१ ला a, टी२ ला ab, टी३ ला b. टी२ दोघांच्याही बरोबर आणि ते दोघं मात्र एकमेकांपासून वेगळे, हे वाचून विद्यार्थी गोंधळतात. त्याचा अर्थ एवढाच की टी२ ची जागा कुठे, हे अठरा आकड्यांतून पक्कं होत नाही. तसंच लिहावं.

थिसिससाठी आम्ही लिहिलेला परिच्छेद, इथले रचलेले आकडे घालून, असा:

"माध्यमाचा रोपांच्या उंचीवर सार्थक परिणाम दिसला, F(2, 15) = 7.81, p = 0.005. एकूण तफावतीपैकी सुमारे ५१ टक्के माध्यमांमधल्या फरकाशी निगडित होती. क्रांतिक फरकानुसार (२.४६ सेंमी) शेणखताच्या (२२.९ सेंमी) आणि गांडूळखताच्या (२४.५ सेंमी) माध्यमातली रोपं नियंत्रणापेक्षा (२०.० सेंमी) सार्थकपणे उंच होती. गांडूळखत आणि शेणखत यांच्यातला १.६ सेंमीचा फरक सार्थक ठरला नाही. मात्र दोन्ही समान आहेत असा निष्कर्ष यातून निघत नाही."

यात p = 0.000 कुठे नाही. सॉफ्टवेअरने तसं छापलं तरी p < 0.001 असंच लिहायचं. "अत्यंत सार्थक" हा शब्दही मी काढायला लावला. पी लहान झाल्याने रोप उंच होत नाही. उलट एक ओळ तिने स्वतःहून जोडली आणि मला ती फार आवडली: डोळा भरायला खुंटाची जाडी पेन्सिलीएवढी लागते, म्हणून फक्त उंचीवरून रोप कलमाला तयार आहे असं म्हणता येणार नाही.

पेपरच्या परीक्षकाला उत्तर पाठवताना आम्ही टुकीचा निकाल लपवला नाही. लिहिलं, की गट तीनच असल्याने F सार्थक असताना सीडी एकूण चूक ५ टक्क्यांत ठेवते आणि ही पद्धत प्रयोगाआधीच ठरलेली होती. टुकीने शेणखत-नियंत्रण फरकाची मर्यादा, इथल्या आकड्यांत, −०.१ ते ५.९ सेंमी येते आणि ती तक्त्यात दिली आहे. त्यामुळे या जोडीबद्दलचा पुरावा गांडूळखताच्या तुलनेत कमकुवत आहे, हेही चर्चेत नमूद केलं आहे.