टेस्टरच्या कामात माझे २२७ डॉलर गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सांगतेय

वेबसाइट आणि ॲप टेस्ट करून पैसे मिळतात हे खरं आहे, मी आजही ते काम करते, पण सुरुवातीला मी ज्याला टेस्टिंग समजत होते ते टेस्टिंग नव्हतंच आणि ते मला कळायला तीन दिवस लागले.

मेसेज आला की ॲप टेस्टर हवेत, घरबसल्या रोज तासभर काम, पैसे त्याच दिवशी. एका बाईंनी मला 'ट्रेनिंग' दिलं. त्यांच्या साइटवर एकामागून एक ॲपचे फोटो यायचे, खाली 'सबमिट' बटण, ते दाबायचं आणि पाच स्टार द्यायचे. असे ४० टास्क म्हणजे एक सेट. पहिल्या दिवशी मला खरंच ४५ डॉलर मिळाले, हातात आले, आणि तिथेच माझा विश्वास बसला. ग्रुपमध्ये बाकीचे लोक पण पैसे आल्याचे स्क्रीनशॉट टाकत होते, ते सगळे त्यांचेच लोक असणार हे आता कळतंय.

दुसऱ्या दिवशी २३व्या टास्कला 'कॉम्बो' नावाचा वेगळा, जास्त किमतीचा टास्क आला. बाई म्हणाल्या, "अभिनंदन, यात कमिशन पाचपट आहे!" पण बॅलन्स लाल अक्षरात उणे ६२ दिसायला लागला, का तर म्हणे या टास्कची किंमत तुमच्या बॅलन्सपेक्षा जास्त आहे, तेवढे भरा म्हणजे सेट पूर्ण होईल आणि सगळं काढता येईल. क्रिप्टोमध्ये ६२ भरले. दहा टास्क झाले की परत कॉम्बो, उणे २१०. आधीचे अडकलेत म्हणून तेही भरले. तिसऱ्या दिवशी उणे ६४० आला तेव्हा माझे हात थांबले. २७२ गेले, ४५ आले होते, म्हणजे २२७ बुडाले. त्या साइटवरचा बॅलन्स म्हणजे नुसते आकडे असतात, कॉम्बो कधी टाकायचा आणि केवढा ते तेच ठरवतात, आणि दर वेळी रक्कम साधारण तिप्पट होत जाते कारण आधीचे वाचवायला माणूस पुढचे भरतो.

नंतर मी एका खऱ्या प्लॅटफॉर्मवर नाव नोंदवलं आणि पहिल्याच दिवशी फरक लक्षात आला. तिथे आधी एक सराव टेस्ट द्यावी लागली, बिनपैशाची. स्क्रीन आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड होतं. एक प्रसंग दिलेला असतो, समजा तुम्ही घेतलेले बूट परत करायचेत, तर या साइटवर कसं कराल ते करून दाखवा आणि मनात जे येतंय ते मोठ्याने बोलत राहा. मला परत करायची लिंक सापडेना, मी गप्प बसून शोधत राहिले, आणि सराव नापास झाला, कारण दिलं होतं की तुम्ही मधे फार वेळ बोलला नाहीत. दुसऱ्या वेळी मी बोलले, "मी 'माझ्या ऑर्डर्स'मध्ये बघतेय, इथे असायला हवं होतं, नाहीये, आता खाली मदतीच्या पानावर जाते." हेच त्यांना हवं असतं. कंपनी पैसे देते ते माणूस कुठे अडकतो ते ऐकायला. जिथे तुमचं कोणी ऐकतच नाही, नुसतं बटण दाबायचंय, तिथे पैसे द्यायला कंपनीच नाही, म्हणजे ते पैसे तुमच्याच खिशातून येणार. हे पैसे नक्की कोण आणि कशासाठी देतंय, हा एकच प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर वाचले असते.

आता कमाईचं खरं सांगते, कारण मोठे आकडे ऐकूनच आपण फसतो. वीस मिनिटांच्या रेकॉर्डेड टेस्टला साधारण १० डॉलर मिळतात, समोर माणूस असलेल्या लाइव्ह मुलाखतीला जास्त, ३० किंवा वर पण, पण त्या क्वचितच मिळतात. प्रत्येक टेस्टआधी स्क्रीनर असतो, म्हणजे तुम्ही कुठलं काम करता, कुठलं ॲप वापरता असे प्रश्न, आणि त्यांना हवा तसा माणूस तुम्ही नसाल तर तिथेच बाहेर, त्या वेळेचे पैसे नाहीत. माझ्या पहिल्या महिन्यात ३१ स्क्रीनर भरले, ३ टेस्ट मिळाल्या, त्यातल्या एकीत माझा माइक बिघडला म्हणून रद्द, म्हणजे हातात २० डॉलर. पैसे पण त्याच दिवशी येत नाहीत, काही दिवस थांबावं लागतं. स्क्रीनरमध्ये खोटं बोलू नका, टेस्टमध्ये लगेच उघडं पडतं, रेटिंग खाली जातं आणि मग कामंच येईनाशी होतात. पगार म्हणून यावर विसंबू नका. आणि खरं प्लॅटफॉर्म तुमच्याकडून एक पैसा मागत नाही, ना नोंदणीला, ना पैसे काढायला.

पैसे गेल्यावर आठवड्याने मला एकाचा मेसेज आला, "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा." माझे पैसे गेलेत हे मी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त त्या बाईंना माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही, सगळे चॅट आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, पैसे अजून आलेले नाहीत.